४७ मिनिटांचं आउटेज आणि त्यानंतरचा ब्लेमलेस रिव्ह्यू, पहिल्यांदा चालवताना आलेला अनुभव

आमच्याकडे मागच्या क्वार्टरमधे मोठं आउटेज झालं आणि त्याचा ब्लेमलेस रिव्ह्यू, म्हणजे दोषी कोण ते न शोधता काय आणि कसं घडलं ते समजून घ्यायची मीटिंग, चालवायचं काम माझ्याकडे आलं. याआधी मी अशा मीटिंगांना बसले होते पण चालवली कधीच नव्हती. शोधाशोध केली तेव्हा टेम्प्लेटं ढिगाने मिळाली, पण प्रत्यक्षात कोणाशी आधी बोलायचं, काय विचारायचं, मॅनेजर मधेच काही बोलले तर काय करायचं हे कुठे नीट सापडेना. म्हणून झालं तसं क्रमाने लिहून ठेवते, पुढच्या कोणाला तरी उपयोग होईल.

आधी काय झालं ते थोडक्यात. मंगळवार, ११ तारीख, सकाळी ११:४२ ला एका ज्युनियर इंजिनिअरने प्रॉडक्शनवर डेटाबेस मायग्रेशन चालवलं. एकच ओळ होती:

```sql
ALTER TABLE orders ADD COLUMN delivery_note text;
```

दोन मिनिटांत सपोर्टकडे तक्रारी सुरू झाल्या की लॉगिन होत नाही. मग ऑर्डर दिसत नाहीत, मग काहीच उघडत नाही. १२:२९ ला सगळं पूर्ववत झालं. म्हणजे ४७ मिनिटं. आमचं क्लायंटांशी महिन्याला ९९.९ टक्के अपटाइमचं करारपत्र आहे आणि ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा हिशोब ४३.२ मिनिटं निघतो, म्हणजे चार मिनिटांपेक्षाही कमी फरकाने आम्ही ती रेष ओलांडली आणि त्या महिन्याच्या बिलातून क्लायंटांना सूट द्यावी लागली. पैसे गेले की वरून विचारणा होतेच, त्यामुळे दुपारी जेवणं व्हायच्या आत डायरेक्टरांचा मेसेज आला, "कोणी केलं आणि परत होणार नाही यासाठी काय करताय?"

प्रश्नाचा क्रम बघा. आधी कोणी, मग काय. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता, पण "कोणी" याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं, चॅटवर नाव दिसतच होतं. ते उत्तर मिळालं की चौकशी तिथेच संपते हा खरा धोका. मायग्रेशन भर दुपारी चालवलं, चूक झाली, इथून पुढे काळजी घ्यावी, ट्रेनिंग द्यावं, फाइल बंद.

मला का सांगितलं तर मी त्या टीममधली नव्हते, त्या दिवशी ऑन-कॉलही नव्हते. हे मला आता फार महत्त्वाचं वाटतं. ज्याचा निर्णय त्या ४७ मिनिटांत कुठेतरी आहे त्याने रिव्ह्यू चालवू नये, कारण मीटिंग चालवता चालवता तो नकळत स्वतःची बाजूही सांभाळत असतो. बाहेरच्या माणसाला "मला हे समजलं नाही, परत सांग" असं विचारायचीही लाज वाटत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी मी चॅटचं चॅनल, पेजरचा इतिहास, डिप्लॉय टूलचे लॉग आणि डॅशबोर्डांचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमधे टाकून ठेवले. हे लगेच करा. आमच्याकडे काही मेट्रिक्स आठवड्याभराने ढोबळ होतात, मिनिटामिनिटाचा तपशील जातो आणि मग टाइमलाइन नुसत्या आठवणीवर बांधावी लागते. वेळांचं पण बघा, आमचा पेजर यूटीसीत लिहितो आणि चॅट लोकल टाइममधे, पहिल्या कच्च्या टाइमलाइनमधे त्यामुळे अलर्ट आउटेजच्या कितीतरी आधी आल्यासारखा दिसत होता.

बुधवारी सकाळी सगळ्यात आधी डायरेक्टरांना जाऊन भेटले. मला या भेटीची धास्ती होती खरं तर. दोन गोष्टी मागायच्या होत्या. एक, रिव्ह्यूमधे जे बोललं जाईल आणि लिहिलं जाईल ते कोणाच्या अप्रेझलमधे वापरलं जाणार नाही, आणि हे तुम्ही स्वतः मीटिंगच्या निमंत्रणात लिहा. दुसरी, तुम्ही मीटिंगला या, पण सगळ्यांचं बोलून झाल्यावर बोला. ते म्हणाले, "म्हणजे जबाबदारी कोणाचीच नाही का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ठिकाणी येतो, त्यामुळे त्याचं उत्तर तयार ठेवा. मी सांगितलं की जबाबदारी आहेच, आणि काय घडलं ते खरं खरं सांगणं हाच तिचा पहिला भाग आहे. कोणी मुद्दाम नुकसान केलं असेल किंवा माहीत असून लपवलं असेल तर तो वेगळा विषय, त्याची वेगळी प्रक्रिया आहे, तो या मीटिंगमधे आणायचा नाही. पण ज्याने ठरलेल्या पद्धतीने काम केलं आणि तरी सिस्टीम पडली, त्याला शिक्षा केली तर पुढच्या वेळी माहितीच मिळणार नाही.

त्यांना दाखवायला मी एक उदाहरण घेऊन गेले होते. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस३ सेवा काही तास बंद पडली होती आणि त्यावरचं निवेदन त्यांनी जाहीर केलं होतं. त्यात लिहिलंय की ठरलेल्या प्लेबुकप्रमाणे थोडे सर्व्हर काढायची कमांड देताना एक इनपुट चुकीचं गेलं आणि अपेक्षेपेक्षा बरेच जास्त सर्व्हर निघाले. कमांड देणाऱ्याचं नाव नाही. सुधारणा काय केली, तर ते टूलच बदललं. सर्व्हर हळूहळू काढले जातील आणि एका किमान क्षमतेच्या खाली जाऊ देणार नाही अशी अट टूलमधे घातली. डायरेक्टरांनी वाचलं, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले ठीक आहे, निमंत्रणात मी लिहितो. त्यांनी खरंच लिहिलं, दोनच ओळी होत्या पण त्यांच्या नावाने होत्या. त्या ओळींचा किती फरक पडला ते पुढे येईलच.

मग बुधवार दुपार आणि गुरुवार मी एकेकाशी वेगवेगळं बोलले. मला विचाराल तर खरं काम इथेच होतं, मीटिंगच्या आधी. नऊ जणांसमोर माणूस जे बोलत नाही ते दोघांत बोलतो. जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मधे एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेच्या इंजिनिअरिंग ब्लॉगवर या विषयावर जे लिहिलं होतं, त्यातली एक गोष्ट मी धरून ठेवली होती. काय केलं, त्याचा परिणाम काय दिसला, काय होईल असं वाटलं होतं, काय गृहीत धरलं होतं, हे माणसाला शिक्षेच्या भीतीशिवाय सविस्तर सांगता आलं पाहिजे. मी त्यावरून स्वतःसाठी एक नियम केला, "का" विचारायचं नाही. "का चालवलंस?" म्हटलं की समोरचा सफाई द्यायला लागतो. "त्या वेळी तुझ्या स्क्रीनवर काय दिसत होतं?" म्हटलं की तो आठवायला लागतो. दोन्हीतून निघणारी माहिती एकदम वेगळी असते.

मायग्रेशन चालवणाऱ्या मुलाशी बोलायला बसले तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, रात्री झोपला नसावा. सुरुवातीला तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, "माझीच चूक आहे, मी रात्री चालवायला पाहिजे होतं." मी म्हटलं ते राहू दे, मला फक्त सांग की ११:४२ ला तुला काय माहीत होतं. तेव्हा हळूहळू आलं. पोस्टग्रेसच्या ११ व्या आवृत्तीपासून डीफॉल्ट किंमत असलेला कॉलम जोडतानाही सहसा सगळं टेबल परत लिहावं लागत नाही, आणि त्याच्या कॉलमला तर डीफॉल्टही नव्हता, त्यामुळे हे काम क्षणात होतं. हे त्याने वाचलं होतं आणि ते बरोबर आहे. स्टेजिंगवर चालवून बघितलं होतं, पटकन झालं होतं. आमच्या लिखित नियमात फक्त टेबल परत लिहिणारी मायग्रेशनं रात्री चालवा असं होतं, हे त्यात बसत नव्हतं. कोड रिव्ह्यूत दोघांनी मंजुरी दिली होती, त्यातला एक चांगला सीनियर. म्हणजे त्या क्षणी त्याच्याजवळ जेवढं ज्ञान होतं त्यावरून त्याचा निर्णय शहाणपणाचाच होता आणि त्याच्या जागी मी असते तर मीही बटण दाबलं असतं.

मग झालं काय? हे जरा नीट सांगते, कारण पोस्टग्रेस वापरणाऱ्या कोणत्याही टीममधे हे होऊ शकतं. कॉलम जोडायला क्षणभरच लागतो, पण त्या क्षणासाठी टेबलवर सगळ्यात कडक लॉक लागतं, ACCESS EXCLUSIVE, म्हणजे बाकी कोणी ते टेबल वाचूसुद्धा शकत नाही. ते लॉक मिळण्याआधी टेबल वापरत असलेल्या सगळ्यांची ट्रान्झॅक्शन संपावी लागतात. आणि एकदा हे कडक लॉक मागणारा रांगेत उभा राहिला की त्याच्यामागून आलेल्या साध्या SELECT पण त्याच्या मागे थांबतात. वाचनालयात एक जण आत शांतपणे वाचतोय, दारात दुसरा उभा आहे ज्याला अख्खी खोली एकट्याला हवी, आणि त्याच्यामागे शंभर जण ज्यांना फक्त आत जाऊन वाचायचंय, ते वाचणाऱ्याला अजिबात आड येत नाहीत पण दारातल्या माणसामुळे अडकलेत, असं काहीसं. स्टेजिंगवर आत वाचणारा कोणी नसतोच, म्हणून तिथे सगळं छान चालतं.

मग आत कोण वाचत होतं? हे शोधायला ॲनालिटिक्सच्या माणसाकडे गेले. त्याचा मासिक रिपोर्ट पहाटे ३ ला चालतो, त्या रात्री डिस्क भरल्यामुळे अर्धवट राहिला होता म्हणून त्याने सकाळी ११:३० ला हाताने परत चालवला. तो बिचारा गोंधळून गेला होता, "अहो पण मी तर फक्त वाचत होतो, मी काहीच बदललं नाही." खरंच होतं त्याचं. क्वेरी पंधरा मिनिटांत संपली पण त्याची स्क्रिप्ट ट्रान्झॅक्शन उघडं ठेवूनच पुढची फाइल बनवत होती, त्यामुळे लॉक सुटलं नाही. डेटाबेसच्या दृष्टीने ते सेशन `idle in transaction` होतं, काहीच करत नाही पण जागा धरून बसलंय. इथे मला गंमत वाटली ती अशी की दोष द्यायचाच असता तर आता आमच्याकडे दोन माणसं होती, आणि दोघांनीही आपापल्या टीमच्या नियमाप्रमाणेच काम केलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी त्या ज्युनियर मुलाशी परत बोलले, कारण टाइमलाइनमधे एक भोक होतं. ११:५१ ला ऑन-कॉल मुलीने सकाळचा ॲप डिप्लॉय मागे घेतला, काही फरक पडला नाही, ते समजण्यासारखं होतं. पण त्यानंतर १२:२४ पर्यंत कोणीच मायग्रेशनकडे बघितलं नाही. चॅटवर ११:४३ ला त्याचा मेसेज होता की मायग्रेशन सुरू केलंय, मग इतका वेळ कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही? त्याला विचारलं, "११:५० ते १२:१० मधे तुझ्यासमोर काय होतं?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते निमंत्रणात सरांनी लिहिलंय ते खरं आहे ना?" मी म्हटलं खरं आहे, मी स्वतः त्यांच्याशी बोलले.

मग त्याने सांगितलं. ११:५८ ला त्याने डिप्लॉय टूलमधे मायग्रेशनचं काम Abort केलं होतं. टूलने लाल अक्षरात `Aborted` दाखवलं. पण साइट सुरू झाली नाही. तेव्हा त्याला वाटलं की याचा अर्थ मायग्रेशनचा संबंध नाही, आणि जर नाही तर उगाच चॅनलवर गोंगाट कशाला, म्हणून त्याने फक्त ऑन-कॉल मुलीला पर्सनल मेसेज केला, "माझं मायग्रेशन थांबवलंय, तरी डाउनच आहे." तिनेही तेच अनुमान काढलं आणि मायग्रेशन यादीतून काढून टाकलं. आपल्या लेखी जबानीत त्याने ही गोष्ट लिहिलीच नव्हती, कारण आधी सुरू केलं आणि मग घाबरून बंद केलं असं दिसेल अशी त्याला भीती वाटली.

आणि हीच सगळ्यात मोलाची माहिती होती. Abort दाबल्यावर आमचं टूल फक्त आपल्या बाजूची प्रोसेस मारतं. पोस्टग्रेसमधलं सेशन त्या वेळी लॉकची वाट बघत असेल तर क्लायंट गेलाय हे त्याला कळतच नाही, ते तसंच रांगेत उभं राहतं. म्हणजे स्क्रीनवर `Aborted` आणि डेटाबेसमधे ALTER जिवंत. मी त्याच संध्याकाळी डेटाबेस बघणाऱ्या मैत्रिणीला घेऊन स्टेजिंगवर हे करून बघितलं. एका खिडकीत ट्रान्झॅक्शन उघडून SELECT, दुसरीकडे टूलमधून मायग्रेशन, मग Abort, आणि मग ही क्वेरी:

```sql
SELECT pid, state, wait_event_type,
       pg_blocking_pids(pid), left(query, 50)
FROM pg_stat_activity
WHERE datname = current_database()
ORDER BY xact_start;
```

ALTER तिथेच होतं, wait_event_type मधे `Lock`. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. इतकी वर्षं ते बटण सगळे वापरतायत. १२:२४ ला तिनेच प्रॉडक्शनवर हीच यादी उघडून ते ALTER बघितलं होतं आणि १२:२६ ला pg_cancel_backend ने रद्द केलं होतं, पण ते अजून तिथे कसं हे त्या गडबडीत तिलाही विचारायला सुचलं नव्हतं. ४७ पैकी शेवटची ३१ मिनिटं, म्हणजे ११:५८ नंतरची, ही मुख्यतः त्या एका चुकीच्या शब्दामुळे गेली. "काळजी घ्यावी" म्हणून फाइल बंद केली असती तर हे कधीच बाहेर आलं नसतं.

मीटिंग शुक्रवारी ठेवली, आउटेजनंतर तिसऱ्या दिवशी. त्याच दिवशी ठेवू नका, लोक थकलेले असतात. आणि फार लांबवूही नका, आठवड्याने प्रत्येकाच्या डोक्यात आपापली गोष्ट पक्की होते. नव्वद मिनिटं, नऊ माणसं. साडेतेरा तास झाले माणसांचे, त्यामुळे टाइमलाइन आदल्या रात्रीच सगळ्यांना पाठवली होती आणि आपापल्या ओळी तपासून या असं सांगितलं होतं. टाइमलाइनमधे नावांऐवजी भूमिका लिहिल्या, ऑन-कॉल इंजिनिअर, मायग्रेशन चालवणारा इंजिनिअर असं. नावं सगळ्यांना माहीत असतात हो, पण कागद दोन वर्षांनी कोणीतरी नवीन माणूस वाचतो. लिहून घ्यायला वेगळा माणूस ठेवला, चालवणं आणि लिहिणं एकाच वेळी होत नाही.

पहिली पंधरा मिनिटं बरी गेली. मग एक सीनियर म्हणाले, "पण भर दुपारी मायग्रेशन चालवायलाच नको होतं ना." खोलीत एकदम शांतता. मला माहीत होतं हे वाक्य येणार आणि तरी छातीत धडधडलं. अशी वाक्यं ओळखायची खूण सोपी आहे, "नको होतं", "पाहिजे होतं", "साधं बघितलं असतं तर". ही वाक्यं न घडलेल्या गोष्टीबद्दल असतात आणि आपल्याला घडलेली गोष्ट समजून घ्यायचीय. मी त्यांना गप्प केलं नाही, उलट विचारलं की सर, ११:४२ ला आपल्या नियमाप्रमाणे हे मायग्रेशन रात्रीच्या यादीत बसत होतं का? त्यांनी नियम उघडून वाचला. वाचता वाचता तेच म्हणाले, "नाही, बसत नव्हतं. हा नियम मीच लिहिलाय, आणि तो टेबल परत लिहिण्याबद्दल आहे, लॉकबद्दल नाहीच." तिथून मीटिंगचा सूर पालटला. रात्री चालवलं असतं तरी पहाटे ३ चा रिपोर्ट आडवा येऊ शकला असता हेही मग त्यांनीच काढलं.

त्यानंतर ऑन-कॉल मुलगी बोलली. डेटाबेसचा डॅशबोर्ड तिने दुसऱ्याच मिनिटाला उघडला होता. सीपीयू नेहमीपेक्षा कमी, डिस्क शांत, स्लो क्वेरींची यादी रिकामी. सगळं हिरवं. त्यावरून डेटाबेस ठीक आहे असंच कोणीही म्हणेल. रांगेत थांबलेल्या क्वेरी काम करत नसतात म्हणून सीपीयू पडतो, आणि आमची स्लो क्वेरींची यादी क्वेरी संपल्यावर भरते, या तर संपतच नव्हत्या. त्यात पहिली तक्रार लॉगिनची आली, ज्याचा orders टेबलशी काही संबंध नाही. थांबलेल्या क्वेरींनी कनेक्शन पूलमधली सगळी कनेक्शनं धरून ठेवली होती, म्हणून लॉगिनलाही मिळेना. १२:०६ पासून पॉड पण रीस्टार्ट व्हायला लागले कारण आमचा हेल्थ चेक डेटाबेसला विचारून बघतो. ती म्हणाली, "मला दर दोन मिनिटांनी वेगळीच गोष्ट बिघडल्यासारखी दिसत होती." हे वाक्य आम्ही कागदात जसंच्या तसं ठेवलं, तिला विचारून.

Abort ची गोष्ट त्या मुलाने स्वतः सांगितली. मी आधी त्याला म्हटलं होतं की तुला नको असेल तर मी सांगते, पण तो बोलला. डायरेक्टर पहिल्यांदाच बोलले ते तेव्हा, आणि विचारलं, "हे टूल अजून किती टीम वापरतात?" त्यांचा प्रश्न "कोणी" वरून इथपर्यंत आला हे बघून मला खूप बरं वाटलं.

मूळ कारण एकच लिहायचा मोह टाळा. आमच्या कागदात "कारणीभूत गोष्टी" असा भाग आहे आणि त्यात उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन, अमर्याद वाट बघणारं ALTER, खोटं बोलणारं Abort आणि लॉक न दाखवणारा डॅशबोर्ड अशा चारही आहेत. यातली कुठलीही एक नसती तर आउटेज झालंच नसतं किंवा दहाएक मिनिटांत संपलं असतं.

सुधारणांची यादी शेवटच्या वीस मिनिटांत केली आणि फळा भरला. भरपूर सूचना आल्या की तेवढ्या कधीच होत नाहीत, म्हणून चारच ठेवल्या, प्रत्येकीला एक मालक आणि एक तारीख, आणि त्या दिवशीच नेहमीच्या कामाच्या बोर्डवर टाकल्या. वेगळ्या शीटमधे ठेवलेल्या सुधारणा शीटमधेच राहतात. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी ही ठरली, मायग्रेशन टूल आता प्रत्येक वेळी सुरुवातीला हे लावतं:

```sql
SET lock_timeout = '2s';
```

पोस्टग्रेसमधे याची मूळ किंमत शून्य असते, म्हणजे अनंतकाळ थांब. आता दोन सेकंदांत लॉक नाही मिळालं तर मायग्रेशन स्वतः फेल होतं, रांग मोकळी होते आणि टूल थोड्या वेळाने परत प्रयत्न करतं. दुसरी, Abort आता डेटाबेसमधलं सेशनही रद्द करतं आणि ते गेल्याची खात्री झाल्यावरच `Aborted` दाखवतं. तिसरी, रिपोर्टच्या युजरला `idle_in_transaction_session_timeout` पाच मिनिटांचा लावला. याची मर्यादा लक्षात ठेवा, हे फक्त रिकाम्या बसलेल्या ट्रान्झॅक्शनला मारतं, खरंच तासभर चालणाऱ्या क्वेरीला नाही. चौथी, डॅशबोर्डवर लॉकची वाट बघणाऱ्या सेशनांची संख्या आणि सगळ्यात जुन्या ट्रान्झॅक्शनचं वय. हेल्थ चेकचा विषय मोठा निघाला म्हणून तो वेगळा घेतला.

आता कागदपत्रं. क्लायंटला पाच कामाच्या दिवसांत आरसीए, म्हणजे मूळ कारण सांगणारा फॉर्म द्यायचा असतो. त्यात "जबाबदार व्यक्ती" असा रकाना आहे आणि तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढेच जात नाही. मी त्यात प्लॅटफॉर्म टीमचं नाव लिहिलं. क्वालिटी विभागाने परत पाठवला, व्यक्तीचं नाव लागतं म्हणून. मग सुधारणांची जबाबदारी घेणाऱ्या मॅनेजरचं नाव टाकलं, त्यांची लेखी परवानगी घेऊन, आणि खाली स्पष्ट लिहिलं की हे सुधारणा पूर्ण करून घेणाऱ्याचं नाव आहे. तेव्हा स्वीकारला. "मूळ कारणाचा प्रकार" असा ड्रॉपडाउन पण होता, त्यात मानवी चूक, हार्डवेअर, नेटवर्क आणि इतर. "इतर" निवडून सोबत आमचा पूर्ण कागद जोडला. क्लायंटकडून दोन शंका आल्या, दोन्ही lock_timeout बद्दल, दोषाबद्दल एकही नाही. हा फॉर्म मीटिंगच्या आधी भरायला घेऊ नका, ड्रॉपडाउन बघून माणसाचं डोकं आधीच ठरवून बसतं.

अंतर्गत कागद मी सोमवारी सगळ्या इंजिनिअरिंगला खुला केला. त्याआधी त्यात ज्यांचा उल्लेख आहे त्या प्रत्येकाला मसुदा दाखवला आणि बदल विचारले. ॲनालिटिक्सच्या मित्राने एक शब्द बदलायला लावला, मी "रिपोर्टमुळे अडलं" लिहिलं होतं, त्याने "उघड्या ट्रान्झॅक्शनमुळे" करायला सांगितलं. बरोबर होतं त्याचं, आणि तांत्रिकदृष्ट्याही जास्त अचूक.

महिन्याभराने मी चारही कामं बोर्डवर परत तपासली. तीन पूर्ण होती, डॅशबोर्डचं अर्धं होतं, त्याची तारीख मालकाशी बोलून पुढे ढकलली. तोपर्यंत एक मायग्रेशन दोन सेकंदांत `canceling statement due to lock timeout` म्हणून फेल झालं होतं, टूलने थोड्या वेळाने परत चालवलं आणि झालं, कोणाला पेजर गेला नाही. ते चालवणारा तोच मुलगा होता. लॉगची ती ओळ त्याने मुख्य चॅनलवर टाकली, आणि खाली लिहिलं की या वेळी कोणतं सेशन आडवं होतं ते शोधतोय, सापडलं की सांगतो.